इनबॉक्समधली पहिली ओळ

जून 2024 मधली गोष्ट. चाकणच्या एका कारखान्यासाठी मी अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह शोधत होते. भरतीच्या कामात मेल उघडायच्या आधीच निम्मी चाळणी होते, कारण यादीत विषयाशेजारी मजकुराची पहिली ओळ दिसते. एका मेलची ओळ होती: ‘माझ्या करिअरमध्ये गॅप आहे हे मला मान्य आहे, तरीही कृपया...’ (मेल इंग्रजीत होता, इथे मराठीत सांगते.)

पुढे तीन परिच्छेद. सासूबाईंना झालेला अर्धांगवायू, नवऱ्याची फिरतीची नोकरी, एकामागून एक सोडून गेलेल्या कामवाल्या मावशी. वाचून जीव कळवळला, पण जीएसटी हा शब्द कुठेच नव्हता. रेझ्युमे उघडला आणि थबकले. सहा वर्षांचं काम, त्यात जीएसटी आल्यापासून दर महिन्याची रिटर्न, टीडीएस, बँक रिकन्सिलिएशन. आम्हाला हवं ते सगळं होतं.

मी फोन लावला. बोलता बोलता कळलं की गेले आठ महिने त्या दिरांच्या स्टीलच्या व्यवसायाची ई-इनव्हॉइस काढत होत्या. ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांनाही ती सक्तीची झाली, म्हणून त्या शिकल्या. “घरचंच काम, पगार नाही, म्हणून लिहिलं नाही,” म्हणाल्या. मग दबक्या आवाजात विचारलं, “मॅडम, नोकरी मार्चऐवजी जून 2022 पर्यंत होती असं लिहू? गॅप कमी दिसेल.”

मी ठाम नाही म्हटलं. नोकरी सोडल्याची तारीख पीएफच्या नोंदीत असते आणि पडताळणीत ती निघते. दोन वर्षांच्या गॅपने कुणी अडत नाही, तीन महिन्यांच्या खोटेपणाने हातातलं ऑफर लेटर जातं.

त्यांनी मेल पुन्हा लिहिला. आधी कामाचा परिच्छेद, त्याखाली एवढंच: ‘एप्रिल 2022 पासून घरच्या आजारपणामुळे मी नोकरी केली नाही. आता दिवसभराच्या देखभालीची सोय झाली आहे, पूर्णवेळ रुजू होऊ शकते. गेले आठ महिने एका स्टील व्यापाऱ्याची ई-इनव्हॉइस आणि जीएसटी रिटर्न मी पाहते.’

मधलं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं. मॅनेजरला आजाराचं नाव नको असतं. महिनाअखेरीला माणूस जागेवर असेल ना, एवढीच त्याची धास्ती असते. सासूबाई अजून अंथरुणावरच होत्या, म्हणून ‘जबाबदारी संपली’ असं आम्ही लिहिलं नाही. सोय झाली होती, तेवढंच लिहिलं.

मुलाखतीनंतर मॅनेजरांचा फोन आला. गॅपबद्दल त्यांनी एकच प्रश्न विचारला होता. बाकी वेळ चुकीची ई-इनव्हॉइस रद्द कशी करायची यावर गेला. “चोवीस तासांच्या आत पोर्टलवर रद्द होते, नंतर क्रेडिट नोट, हे त्यांनी न अडखळता सांगितलं,” ते म्हणाले. “सोमवारपासून येऊ शकतील का, विचारा.”