तिसरा अध्याय

रविवार, रात्री

आज बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचला. मंडळीसमोर, सगळाच्या सगळा. आठवडाभर मनात चौथा अध्याय होता. एका हाताने काम आणि दुसऱ्या हातात शस्त्र, असं चित्र असलं की प्रवचन अर्धं आपोआप होतं. पण नव्या प्रार्थनागृहाच्या पायाचं काम सुरू होतंय आणि आपल्याला शत्रू कुठला? मग नहेम्याबरोबर यरुशलेमची पडलेली भिंत पुन्हा बांधणाऱ्यांच्या नावांच्या यादीकडे वळलो. एरवी ती वाचताना मीच पानं उलटतो.

यादीत चाळीसेक तुकड्या आहेत. मेंढरे वेशीपासून सुरू होऊन शहराला वळसा घालून शेवट पुन्हा तिथेच. पहिलं नाव प्रमुख याजक एल्याशीबाचं. पुढे सोनार, अत्तरं करणारे, व्यापारी, आणि आपल्या मुलींना घेऊन आलेला शल्लूम. यातला गवंडी कोण, हे कुठेच लिहिलेलं नाही. ‘त्याच्या शेजारी’, ‘त्याच्या पलीकडे’ हेच शब्द इतक्यांदा येतात की तिसऱ्या रांगेतली लहान मुलं माझ्याबरोबर पुटपुटू लागली.

कितीतरी जणांना आपल्याच घरासमोरचा तुकडा दिला होता. यावर मी जास्त वेळ बोललो. घरासमोरची भिंत कच्ची राहिली तर शत्रू आधी आपल्याच अंगणात येणार, म्हणून तिथे हात आखडत नाही. पण उकिरडा वेशीसमोर कुणाचं घर असणार? ती मल्कीयाने बांधली, आणि तो एका जिल्ह्याचा अधिकारी होता. हे वाचल्यावर थोडा थांबलो. मागे कुणीतरी हसलं. शौचालयाच्या खड्ड्याचं काम कोण घेणार, हा आमच्याकडचा खरा प्रश्न आहे, आणि तो सगळ्यांना ठाऊक आहे.

तकोवाच्या सरदारांनी कामाला मान वाकवली नाही, तेही यादीत नोंदवलंय. त्याच गावच्या साध्या लोकांनी मात्र आपला तुकडा करून पुढे दुसराही घेतला. सरदारांचं वाक्य मी घाईने वाचून टाकलं. समोर बसलेल्यांपैकी कुणाला ते टोचेल याची भीती वाटली, हे इथे लिहून ठेवतो.

मग राडारोड्याकडे आलो. भिंत अर्ध्या उंचीवर आली आणि यहूदाचे लोक म्हणाले, ओझी वाहणाऱ्यांची शक्ती खचली, राडारोडा फार आहे. बाबेलच्या सैन्याने शहर पाडल्याला तेव्हा सुमारे 140 वर्षं झाली होती. रात्रीच्या पाहणीत तर एके ठिकाणी नहेम्याच्या जनावरालाही पुढे जायला वाट मिळाली नव्हती. दगड होते, पण ढिगाऱ्यात आणि जळालेले. चुनखडीचा दगड फार तापला की ठिसूळ होतो, म्हणजे प्रत्येक दगड पारखून घ्यायचा. उत्साह अर्ध्यावर का ओसरतो, याचं इतकं साधं कारण मला दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही. पहिल्या दिवशी दगड रचायला गर्दी होते. माती उपसायला विसाव्या दिवशी कोण येतं, ते बघायचं. म्हणून आमच्या यादीत उपसणाऱ्यांचीही नावं घालायची, असं मी व्यासपीठावरूनच सांगून टाकलं. समितीला विचारलं नव्हतं.

पाचवा अध्याय घेणार नव्हतो. पण प्रवचनानंतर रोजंदारीवर जाणारे एक भाऊ दाराशी थांबले. म्हणाले, “पाळकसाहेब, शनिवारचं श्रमदान म्हणजे माझी मजुरी बुडते. नाव लिहा, पण किती दिवस येईन ते नका लिहू.”

घरी येऊन तो अध्याय पुन्हा काढला. तिथेही हीच तक्रार आहे, फक्त जास्त कडू. लोकांनी धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकली, राजाचा कर भरायला कर्ज काढलं, मुलंमुली गुलामीत गेली. आणि सावकार होते आपलेच भाऊबंद. नहेम्याने सभा बोलावली आणि आपणही पैसे आणि धान्य उसनं दिलंय, हे सगळ्यांसमोर मान्य केलं. मग व्याज सोडायला आणि गहाण जमिनी परत द्यायला लावलं. स्वतः सुभेदार असताना बारा वर्षं सुभेदाराचा भत्ता घेतला नाही. भिंत 52 दिवसांत पुरी झाली हे आम्ही कौतुकाने सांगतो. त्या दिवसांत कुणाच्या घरी चूल कशी पेटली असेल, हे आज सकाळी मला सुचलंही नव्हतं.

उद्या समितीसमोर दोन गोष्टी मांडायच्या. श्रमदानाच्या दिवसांची हजेरी भिंतीवर लावायची नाही. आणि ज्यांची मजुरी बुडते त्यांना काम रविवारी भक्तीनंतर, तासाभराचं, त्यांच्या सोयीने. खजिनदारांना दुसरी पटेल. पहिलीवर वाद होईल, कारण हजेरीचा तक्ता त्यांनी आधीच छापून आणलाय.

शौचालयाच्या खड्ड्यापुढे मी माझं नाव लिहून आलोय. पाठ दुखते, पण आता खोडता येणार नाही.