चार पिनांचा क्लॅम्प आणि अडकलेलं हँडल

हँडल दाबलं की पार्ट घट्ट धरून लॉक होणारे टॉगल क्लॅम्प बाजारात तयार मिळतात, पण वेल्डिंगसाठी पार्ट्स धरून ठेवणाऱ्या आमच्या फिक्स्चरमध्ये जागा इतकी कमी होती की तयार क्लॅम्पचं हँडल उघडताना पार्टची जागा ठरवणाऱ्या शेजारच्या लोकेटरला लागत होतं. म्हणून भोसरीतल्या ज्या टूलरूममध्ये मी डिझाइनचं काम करत होतो, तिथे आम्ही स्वतःचा क्लॅम्प काढायचं ठरवलं. रचना साधी: खाली बेस, त्यात एका पिनवर फिरणारा आर्म, आर्मच्या मागच्या टोकाला हँडल, आणि हँडलपासून परत बेसपर्यंत येणारी एक लिंक. चार भाग, चार पिना. पार्ट्स एका दिवसात काढून झाले. असेंब्लीने मात्र पुढचे दोन दिवस घेतले.

सॉलिडवर्क्स या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये बेस पहिला आणला, भागांच्या यादीत, म्हणजे ट्रीमध्ये, त्याच्यापुढे `(f)` दिसलं, म्हणजे तो जागेवर पक्का. बेसच्या दोन कानांमधलं अंतर 12.2 मिमी आणि आर्मची जाडी 12 मिमी. दोन्ही बाजूंना 0.1 मिमी मोकळीक राहावी म्हणून मी भोकांना कॉन्सेंट्रिक मेट, म्हणजे दोन्हींचा अक्ष एक करणारं बंधन, दिला आणि विड्थ मेटने आर्म बरोबर मध्यावर बसवला. हँडलच्या फोर्कचं अंतरही 12.2 होतं, ते आर्मवर तसंच मध्यावर बसलं. इथपर्यंत माऊसने ओढलं की सगळं छान फिरत होतं.

मग 12 मिमीची लिंक आली. वरच्या टोकाला मी तिचा डावा चेहरा फोर्कच्या डाव्या आतल्या बाजूला कोइन्सिडंट केला, म्हणजे टेकवला. खालच्या टोकाला बेसमध्ये बसवताना मॉडेल फिरवलेलं होतं, समोर उजवी बाजू आली, म्हणून उजवा चेहरा बेसच्या उजव्या कानाला लावला. ओके दाबलं आणि ट्री लाल-पिवळी झाली. नावांपुढे `(+)` आले, म्हणजे बंधनं जास्त झाली, आणि हँडल हलायचं बंद झालं.

माझी खरी चूक इथून पुढची आहे. ज्या मेटवर लाल खूण दिसली तो मी काढत गेलो. एक काढला की दुसरा लाल व्हायचा, तो काढला की लिंक भलतीकडे जाऊन पडायची. लाल खूण कुठला मेट चुकला ते सांगत नाही, कुठले मेट एकमेकांशी भांडतात ते सांगते, आणि त्यातले बरेचसे बरोबर असतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

शेवटी काहीही न काढता लिंकच्या खालच्या टोकाचे दोन्ही मेट फक्त सप्रेस केले, म्हणजे तात्पुरते बंद ठेवले. साखळी तिथे तुटली आणि बाकी सगळं पुन्हा मोकळं झालं. मग लिंक हाताने जवळ आणून तिचा उजवा चेहरा आणि बेसच्या उजव्या कानाची आतली बाजू यांच्यातलं अंतर मोजलं: 0.2 मिमी. लिंक वरच्या टोकाला डावीकडे टेकलेली होती, त्यामुळे उजवीकडे सगळी मोकळीक साठली होती, आणि मी तीच लिंक खाली उजवीकडे टेकवायला सांगत होतो. 12 मिमीची लिंक 12.2 मिमीच्या जागेत एकाच वेळी दोन्हीकडे टेकू शकत नाही.

मनात आलं, दोन्ही टोकं डावीकडेच लावली असती तर? लावून पाहिलं, लाल काहीच आलं नाही. मग मुद्दाम फोर्कचं अंतर 12.5 केलं आणि असेंब्ली पुन्हा लाल झाली. ही स्थिती मला जास्त धोक्याची वाटते. मेट जास्तीचाच असतो, पण मापं योगायोगाने जुळत असल्यामुळे दिसत नाही. सहा महिन्यांनी कोणी एक माप बदललं की फुटतो, आणि बदलणाऱ्याला वाटतं आपल्याच पार्टमध्ये घोळ आहे.

मी लिंकचं वरचं टोक कॉन्सेंट्रिक आणि विड्थने बसवलं, आणि खालच्या टोकाला नुसता कॉन्सेंट्रिक ठेवला. बाजूची जागा वरच्या टोकाने ठरवलेलीच आहे, खाली ती पुन्हा सांगायची गरज नाही. साखळी जिथे बंद होते त्या शेवटच्या पिनला सगळ्यात कमी मेट, हा नियम मी तेव्हापासून पाळतो.

आमचे जुने फिटर काका शेजारी उभे राहून बघत होते. त्यांनी बेंचवरचा एक तयार क्लॅम्प उचलून माझ्यासमोर आडवा-तिडवा हलवला, पिना खडखडल्या. म्हणाले, "साहेब, पिनला खेळ नसेल तर हे वेल्डिंगच झालं की."

घरी जाऊन गणित मांडलं तेव्हा काकांचं म्हणणं अक्षरशः खरं निघालं. हलणारे भाग तीन, प्रत्येकाला सहा तऱ्हेची हालचाल, म्हणजे 18. बिजागरीसारखी प्रत्येक पिन त्यातल्या पाच काढून घेते, चार पिना म्हणजे 20. उरल्या उणे दोन. हिशोबाने हा क्लॅम्प हलायलाच नको. तो हलतो कारण चारही पिना एकमेकींना समांतर आहेत आणि तीन बंधनं तीच गोष्ट पुन्हा सांगतात. लोखंडात जी थोडी चूक राहते ती पिनचा खेळ पोटात घेतो. मॉडेलमध्ये कॉन्सेंट्रिकला खेळ नसतो, तिथे भोक जरा तिरकं असलं तरी भांडण.

नुसतं ओढून बघायला माझी मांडणी पुरेशी होती. पण पिनवर येणारं बल काढायला मोशन अॅनालिसिस चालवलं, तेव्हा आकड्यांवर विश्वास ठेवता येईना. जास्तीची बंधनं तिथे सॉफ्टवेअर स्वतः निवडून गाळतं, आणि बल कुठल्या पिनने किती घेतलं ही वाटणी त्या निवडीवर अवलंबून राहते. म्हणून त्या अभ्यासापुरती बंधनं नेमकी 17 केली: आर्मच्या दोन पिना बिजागरीच्या, लिंकचं वरचं टोक नुसतं कॉन्सेंट्रिक, आणि खालच्या टोकाला अक्षावरचा एक बिंदू बेसच्या बिंदूशी कोइन्सिडंट. पाच, पाच, चार, तीन. एक हालचाल उरली, तीच क्लॅम्पची.

दुसऱ्या दिवशी पिना घातल्या आणि हँडल पुन्हा थांबलं. या वेळी लाल काहीच नाही, म्हणून जास्त वेळ गेला. ट्रीकडे नीट पाहिल्यावर कळलं की आर्म, हँडल, लिंक, कोणापुढेच `(-)` उरलं नव्हतं. हलणाऱ्या भागापुढे ती खूण असायलाच हवी, नसेल तर कोणीतरी शेवटची हालचालही काढून घेतली आहे. पिन जागच्या जागी फिरू नये म्हणून मी तिच्या कॉन्सेंट्रिकवर `Lock rotation` टिक केलं होतं. पण पिन बेसमधूनही जाते आणि आर्ममधूनही, आणि मी दोन्हींवर टिक केलं. पिनमार्गे आर्म बेसला चिकटला. आर्मकडचं टिक काढलं, आर्म सुटला.

एक अडकणं मात्र चूक नव्हती. क्लॅम्प पूर्ण बंद होताना हँडलच्या दोन पिना आणि लिंकची खालची पिन एका रेषेत येतात. त्या क्षणी आर्म ओढला तर काहीच हलत नाही, कारण टॉगल लॉक होतो तो असाच. हँडल ओढलं की सुटतो. तिथे मेट शोधत बसू नये.

क्लॅम्प फिक्स्चरच्या असेंब्लीत नेला आणि तो पुन्हा गप्प. सबअसेंब्ली आत आली की तिचं `Solve as` आपोआप `Rigid` असतं, म्हणजे अख्खा क्लॅम्प एकच घट्ट तुकडा धरला जातो. ते `Flexible` केलं. फिक्स्चरमधले चारही क्लॅम्प तसे ठेवल्यावर फाइल जड चालू लागली, म्हणून लोकेटरजवळचा एकच क्लॅम्प फ्लेक्सिबल ठेवला. बाकी तिघांना बंद स्थितीच्या कॉन्फिगरेशनमध्ये रिजिड केलं. मग ते एक हँडल पूर्ण उघडून लोकेटरपासूनचं अंतर मोजलं. 7 मिमी मोकळं राहत होतं.