सराव-नोंद: सिक्स-एट, थ्री-फोर आणि उजवा हात

सध्या गिटारवर आयरिश जिगचा सराव चालू आहे. जिग ६/८ मध्ये असते. एका बारमध्ये सहा एट्थ नोट, आणि ३/४ च्या बारमध्येही तेवढ्याच बसतात. फरक फक्त आघाताचा. ६/८ मध्ये तीन-तीनचे दोन गट, पाय दोनदा पडतो. ३/४ मध्ये दोन-दोनचे तीन गट, पाय तीनदा पडतो. मोजताना मी पहिल्याला 'एक-ला-ली दोन-ला-ली' म्हणते, दुसऱ्याला 'एक-आणि दोन-आणि तीन-आणि'. दादरा कानात मुरलेला असेल तर ६/८ ची विभागणी ओळखीची वाटेल: धा धिं ना, धा तिं ना.

सरावासाठी जी ए बी सी डी ई हे सहाच स्वर घेतले. आधी जी आणि सी वर जोर दिला, मग जी, बी आणि डी वर. दुसऱ्या वेळी ठळक ऐकू येणारे तीन स्वर म्हणजे थेट जी मेजर कॉर्ड. पहिल्या वेळी मात्र कान जी वरून सी कडे झुकतो. स्वर तेच, क्रम तोच, वेगही तोच, तरी चाल निराळी वाटते! मला हे फार आवडलं.

मेट्रोनोम दर एट्थ नोटला वाजवला तर हा फरक कळत नाही, सगळे टिक सारखेच. म्हणून मिनिटाला १८० एट्थ नोट धरल्या. ६/८ साठी तीन नोटांना एक टिक, म्हणजे ६०. ३/४ साठी दोन नोटांना एक, म्हणजे ९०. दोन्हीकडे बार दोन सेकंदांचाच.

खरी अडचण पिकची. डाउन-अप आलटून-पालटून वाजवलं की पहिली, तिसरी आणि पाचवी नोट डाउनवर येते. डाउन आपसूक जोरात पडतो, त्यामुळे तोंडाने ६/८ मोजत असलो तरी हात ३/४ वाजवतो. चौथी नोट, जिथे जोर हवा, ती नेमकी अपवर. जिग वाजवणारे त्यासाठी डाउन-अप-डाउन, डाउन-अप-डाउन असं पिकिंग करतात. तिसरी आणि चौथी नोट लागोपाठ डाउन, त्यामुळे दोन्ही गटांची सुरुवात भक्कम होते. जमतंय का, हे रेकॉर्डिंगवर तपासायचं: मेट्रोनोमशिवाय ऐकताना पाय बारमध्ये दोनदाच पडला पाहिजे.

६/८ मध्ये, तीन नोटांना एक टिक धरून, ६० ला हे आता सहज जमतं. ९० च्या पुढे मात्र त्या दोन डाउनच्या मधे मनगटाला परत वर यायला वेळ पुरत नाही आणि चौथी नोट उशिरा पडते. पिक तारेपासून फार लांब जात असावं, असं दिसतंय. म्हणून सध्या फक्त तिसरी-चौथी नोट एकाच तारेवर घोटतेय, पिकचं टोक जेमतेम तारेबाहेर ठेवून. ते बसलं की एक बार ६/८, एक बार ३/४ असा आलटून-पालटून सराव, एट्थ नोटचा वेग न बदलता.