तांबं विरघळवतं ते फेरिक लोह

‘मॅडम, बॅक्टेरिया म्हणे दगडातून तांबं काढतात. मग आपल्या डिचोलीच्या खाणींवर का नाही करत?’

गोव्यातल्या डिचोली-सांखळीच्या खनिजात मुळात तांबं नाही. ते हेमॅटाइट हे लोहखनिज आहे, त्यातलं लोह आधीच फेरिक, म्हणजे पूर्ण ऑक्सिडीकरण झालेलं. हे जिवाणू फेरस लोहाचं फेरिक करून किंवा गंधकाचं आम्ल करून ऊर्जा मिळवतात. आपल्या खनिजात त्यांच्यासाठी खाणंच नाही.

तांबं असतं तिथेही दगड विरघळवण्याचं खरं काम फेरिक लोह करतं. ते सल्फाइडमधलं तांबं सोडवतं आणि स्वतः फेरस होतं. ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स आणि लेप्टोस्पिरिलम हे जिवाणू त्याला पुन्हा फेरिक करतात. एक किलो तांब्याला पावणेदोन किलो फेरिक लोह लागतं, पण तेच लोह फिरून फिरून वापरलं जातं. खर्च होतो तो हवेतला ऑक्सिजन, किलोमागे पाव किलो. मागे उरलेल्या गंधकाचं थायोऑक्सिडन्स जिवाणू सल्फ्युरिक आम्ल करतात.

प्रयोगशाळेत हे डोळ्यांना दिसतं. फेरस सल्फेटचं फिकट हिरवट द्रावण जिवाणू घातल्यावर काही दिवसांत विटकरी होतं. जिवाणू न घातलेला शेजारचा फ्लास्क तेव्हाही हिरवटच असतो.

मोठ्या प्रमाणावर हे बघायचं तर चिलीतली केब्राडा ब्लांका खाण घ्या. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,४०० मीटरवर, १९९४ पासून तिथे चाल्कोसाइट या खनिजावर हे काम सुरू झालं. खडी आम्लात भिजवून तिचे गोळे करत, म्हणजे बारीक चूर वाटा बुजवत नसे. मग ढीग रचून वरून ठिबकने आम्लधर्मी द्रावण सोडत आणि खालच्या नळ्यांतून पंख्याने हवा देत. चाल्कोसाइटमधलं पहिलं अर्धं तांबं भराभर सुटतं, उरलेल्या अर्ध्याला बराच वेळ लागतो.

बिघडतं ते बहुतेक हवेवरून किंवा सामूवरून. ढिगातून येणाऱ्या द्रावणात फेरस वाढलं आणि इलेक्ट्रोडवर विद्युतविभव घसरला, की जिवाणूंना ऑक्सिजन कमी पडतोय असा पहिला संशय घ्यायचा. सामू दीड ते दोनच्या आसपास हवा. तो चढला तर लोह पिवळ्या जॅरोसाइटच्या रूपात साचतं आणि खडीतल्या वाटा बंद होतात.

‘मग देशात दुसरीकडे तरी?’ हा पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. खेत्री आणि मलांजखंडचं तांबं मुख्यतः चाल्कोपायराइट या खनिजात आहे. त्याच्या पृष्ठभागावर एक थर तयार होतो आणि साध्या तापमानाला विरघळणं जवळजवळ थांबतं. साठ अंशांच्या वर उष्णताप्रिय सूक्ष्मजीव हे काम बरंच पुढे नेतात, पण उघड्यावरचा ढीग तितका गरम राखणं फार अवघड आहे.