उतारावरची सावली

बारावीच्या वर्गात मी दरवर्षी दिव्याच्या खांबाचे उदाहरण सोडवतो, आणि सावलीच्या टोकाचा वेग विचारलेला असताना निम्मी मुले सावली लांबण्याचा वेग लिहून मोकळी होतात. यंदा चूक माझी झाली.

दिवा ६ मीटर उंचीवर, मुलगी १.५ मीटर उंच आणि तिचा चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर. खांबापासून तिचे अंतर x आणि सावलीची लांबी s धरली, तर समरूप त्रिकोणांवरून (x + s)/6 = s/1.5, म्हणजेच s = x/3. अवकलन केले की सावली सेकंदाला ०.४ मीटरने लांबते असे मिळते. पण सावली जिथून सुरू होते ते मुलीचे पाय स्वतःच पुढे सरकत असल्यामुळे टोकाचा वेग १.२ + ०.४, म्हणजे १.६ मीटर होतो. ती खांबापासून किती दूर आहे याचा या उत्तराशी काहीही संबंध नसतो, तरी प्रश्न काढणारे ते अंतर हटकून देतात आणि मुले ते कुठेतरी घुसवतात.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, आमच्या जेटीचो रस्तो उताराचो आसा, थंय ह्यां गणित चालतलां?"

काटकोन उरत नाही, तेव्हा चालणार नाही, असे मी ठामपणे सांगून टाकले.

संध्याकाळी चार मुलांसह त्या रस्त्यावर गेलो. उतार साधारण आठास एक होता. वायरमनने दिव्यापासून दोरी सोडून ६ मीटर उंची मोजून दिली. मुलगी उतारावरून मोजलेल्या ३ मीटरवर उभी राहिली, तेव्हा सावलीचे टोक ४ मीटरवर पडले. ६ वर गेली तेव्हा ८ वर. टोकाची कड वीतभर पुसट होती, म्हणून आम्ही पुसट पट्ट्याच्या मध्यावर खडूने खूण केली, तरी गुणोत्तर हलले नाही.

घरी येऊन आकृती काढली तेव्हा उलगडा झाला. खांब आणि मुलगी दोघेही ओळंब्यात उभे असल्याने एकमेकांना समांतर असतात, आणि समरूपतेला तेवढेच पुरते. काटकोन आपण सवयीने काढतो, वापरत मात्र कुठेच नाही. अट एवढीच, की जमीन खांबाच्या बुंध्यापासून टोकापर्यंत एकाच सरळ रेषेत हवी. म्हणूनच ती ९ मीटरवर उभी राहिली तेव्हा टोक १२ वर न जाता ११.६ च्या आसपास थांबले होते, कारण १० मीटरवर उतार संपून जेटीचा सपाट भाग सुरू होतो, आणि ती जमीन किरणाला आधीच आडवी येते.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर तीच आकृती पुन्हा काढली, काटकोनाची खूण न करता, आणि मागच्या बाकाला सांगितले, "चालतलां."