भांग डावीकडे सरकला

दुकानात बिलाच्या रांगेत उभी होते. काउंटरच्या वर सीसीटीव्हीचा पडदा लावलेला. त्यात निळ्या कुर्त्यातली एक बाई, डोक्याच्या मधोमध पांढरट पट्टा. कोण बरं ही, असं मनात येतंय तोच तिनं माझ्याबरोबर पिशवी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली.

भांग रुंद झाला याचं वाईट वाटलंच. पण त्याहून जास्त लागलं ते हे, की तो मी सोडून सगळ्यांना दिसत होता. आरशात आपल्याला आपलं कपाळ दिसतं, टाळू दिसत नाही. लोकलमध्ये मी बसलेली असते तेव्हा समोर उभ्या असलेल्या बायकांना दिसला असणार. धाकटा तर माझ्यापेक्षा वीतभर उंच झालाय. त्याला केव्हापासून दिसतोय? आणि कुणीच कसं बोललं नाही? (बोलले असते तर मला आवडलं असतं का, तो वेगळा प्रश्न.)

रात्री बाथरूमच्या ट्यूबखाली मान खाली घालून मोबाइलवर फोटो काढले. कपाळावरची केसांची रेघ जागेवर आहे. भांग मात्र पुढच्या बाजूला जास्त उघडा आणि मागे भोवऱ्याकडे जाताना निमुळता. तापानं किंवा बाळंतपणानं केस जातात तेव्हा दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरून मूठमूठ गळतात. माझे तसे गळले नाहीत, गुपचूप बारीक होत गेले. आईचेही असेच. तिच्या अंबाड्यात गंगावन असायचं आणि ते आम्ही कपाटात सापडलं की मिशा लावून खेळायचो. असो.

त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. थायरॉइडचं आणि फेरिटिनचं, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याचं, रक्त तपासायला दिलंय. औषध सुरू झालं तरी फरक दिसायला महिने लागतात म्हणाल्या. तोवर हेच डोकं घेऊन रोज बाहेर पडायचंय, म्हणून शनिवारी पार्लर.

खुर्चीत बसल्या बसल्या रडकुंडीला आले होते. पार्लरवाली मात्र बोटांनी केस चाळत शांतपणे म्हणाली, "ताई, शाळेपासून इथंच भांग पाडताय ना? केस तिथंच फुटायला शिकलेत. आधी त्यांना ते विसरायला लावू."

तिनं केस ओले केले, सगळे मागे विंचरले आणि तळहातानं भोवऱ्याकडून हळूच पुढे ढकलले. आपोआप फट पडली ती मध्याच्या जराशी डावीकडे. केसांचा स्वतःचा कल तो असतो म्हणे. तिथं भांग पाडला तर दिवसभर टिकतो. मला वाटलं होतं, जितका बाजूला नेऊ तितकं झाकलं जाईल. तिनं तसा पाडूनही दाखवला, पार कानाच्या रेषेत. बारीक केसांचा पातळ पडदा टाळूवरून आडवा पसरला, चपटा, आणि त्याच्यातून कातडी आणखीच दिसायला लागली. आमच्या ऑफिसातले एक साहेब असेच विंचरतात. मी घाईनं नको म्हटलं.

शेवटी भुवईची कमान जिथं सर्वांत उंच असते, तिच्या वर भांग सुरू केला. टोकदार कंगव्यानं आखलेली सरळ रेघ नाही, बोटानं पाडलेला, किंचित नागमोडी. आणि तीन बोटं मागे गेल्यावर थांबवला. भोवऱ्यापर्यंत नेला असता तर नवी जागा उघडी पडली असती. मागचे केस भांग न पाडता नुसते मागे सोडले.

मग कापणं. मी सवयीनं म्हटलं, स्टेप कट कर, भरलेले दिसतील. "जाड केसांना दिसतात. तुमच्या वरच्या पायऱ्या आखूड कापल्या तर खाली शेपटी उरेल." तिनं आधी लांबी गळ्याच्या हाडापर्यंत आणली आणि खालची कड सरळ, बोथट कापली, म्हणजे टोकं दाट दिसतात. लेअर्स नंतर, मोजकेच आणि लांब, सर्वांत आखूड केससुद्धा हनुवटीच्या खाली. विरळ करायची दातेरी कात्री तिनं बाहेरच काढली नाही. भांगाच्या लगतचे केसही तिनं अजिबात आखूड केले नाहीत. ते आखूड झाले की उभे राहतात आणि दोन्ही बाजूंना फाकून पट्टा मोकळा करतात. त्यांच्या वजनानंच ते जुन्या भांगावर पडून राहायला हवेत. फक्त उजवीकडे, जिकडे केस जास्त पडतात, तिकडे गालाच्या हाडापासून एक मऊ उतार दिला. हे सगळं नवा भांग पाडून झाल्यावर. मधल्या भांगावर कापलेले लेअर्स भांग सरकला की एकीकडे लांब, एकीकडे आखूड होतात.

खरी गोम वाळवण्यात आहे. भांग डावीकडे, केस उजवीकडे पडायचे. पण ओले असताना ते सगळे उलट, डावीकडे घेऊन मुळाशी वाळवायचे. हवा मुळाकडून टोकाकडे. मुळं वाळली की थंड हवेचा झोत, आणि गार झाल्यावरच उजवीकडे उलटायचे. केस ओले असताना वळण घेतात आणि वाळून गार झाले की ते धरून ठेवतात, म्हणून मुळं जरा उभी राहतात आणि जुनी फट त्यांच्या खाली लपते. गरम असतानाच उलटले तर बसकण मारतात. घरी पहिल्या दिवशी तसंच झालं, कारण कुकरची शिट्टी.

सकाळी उठल्यावर केस जुन्या जागी फुटलेले असतात. कोरडेच विंचरून ते ऐकत नाहीत. मुळांशी तेवढं पाणी लावून पुन्हा उलट वाळवायचे. कंडिशनर कानाच्या खालीच. तेल आता धुण्याच्या आदल्या रात्री, कारण तेलानं केसांच्या बटा चिकटतात आणि मधली कातडी चमकते. आईला हे सांगितलं असतं तर... जाऊ दे. लग्नाकार्यापुरतं भांगाच्या कडेला केसांच्या रंगाची, चमक नसलेली आयशॅडो ब्रशनं टेकवली की पांढरेपणा मरतो. घाम आला की तीही जाते.

आणि हेल्मेट. हेल्मेटपुढे कुठलंच वळण टिकत नाही. ऑफिसच्या जिन्यात मान खाली घालून बोटांनी मुळं हलवते, केस पुन्हा उजवीकडे टाकते. त्यानं साधारण निम्मं परत येतं. कडक उन्हात किंवा लिफ्टच्या दिव्याखाली वरून पाहिलं तर भांग अजून दिसतो. दिसणारच. केस वाढलेले नाहीत, नुसते हलवलेत.

आज दुपारी डबा खाताना ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "छान दिसतंय गं, आता भरल्यासारखे वाटतात." एवढा आनंद झाला की पोळी हातातच राहिली. मग लक्षात आलं, आता म्हणजे? म्हणजे हिलाही माहीत होतं! केव्हापासून, ते विचारणार होते. पण तिनं डब्यातली कोथिंबीर वडी पुढे केली, आणि तिच्या घरच्या वड्या फार उत्तम असतात. दोन घेतल्या.