ओव्हन लॉग: नॉब १८० म्हणतो, पण आत नक्की किती?

गेल्या दोन आठवड्यांपासून केक मधे ओला राहतोय आणि वरचा रंगही फिका येतोय, रेसिपीत ३५ मिनिटं लिहिलेलं आणि मला ५० लागतायत. म्हणून शेवटी ओव्हनमधे ठेवायचा साधा डायलवाला थर्मामीटर आणला आणि मोजायला बसलो.

पहिलं रीडिंग वाया गेलं. नॉब १८० वर केला, प्रीहीटचा दिवा गेला तेव्हा काटा १४० च्या आसपास, मी म्हटलं ४० डिग्रीचा फरक! पण तसं नसतं. या डायलच्या आत दोन धातूंच्या पट्टीची गुंडाळी असते, ती स्वतः तापते तेवढंच काटा दाखवतो, त्यामुळे तो हवेच्या मागे रेंगाळतो. शिवाय दिवा गेला तरी भिंती आणि जाळी अजून तापतच असतात. आता मी दिवा गेल्यावर अजून अर्धा तास थांबतो आणि मगच वहीत लिहायला सुरू करतो.

जागेचंही तसंच. आधी वरच्या जाळीला टांगला होता, तिथे वरची कॉइल लाल झाली की काटा सरळ चढायचा, कारण कॉइलची थेट धग डायलवर पडते. आता मधल्या जाळीवर, बरोबर मधोमध, केकचा टिन जिथे येतो तिथेच. दार अजिबात उघडत नाही, काचेतूनच बघतो, आणि काट्याच्या अगदी समोर डोळा नेऊन, तिरकं बघितलं की ५ डिग्री इकडेतिकडे सहज होतात.

आता मेन गोष्ट. काटा एका जागी थांबतच नाही! थर्मोस्टॅट कॉइल बंद करतो, तापमान उतरतं, मग परत चालू करतो, परत चढतं. १८० वर दर २ मिनिटांनी लिहिलं तर काटा चढून १७४ ला गेला, उतरून १५४ ला आला, परत १७३, परत १५५, असं चार फेऱ्या. कोणी एकदाच डोकावून १७४ बघितलं असतं तर म्हणाला असता ६ चाच फरक आहे, आणि दुसऱ्याने १५४ बघून २६ सांगितले असते. मधला आकडा धरायचा, तो आला १६४. म्हणजे माझा ओव्हन १८० ला १६ डिग्री कमी पडतोय. (डायल रेंगाळतो म्हणून हवेची खरी वरखाली याहून जास्तच असणार, पण मधला आकडा त्याने फारसा हलत नाही.)

मग वाटलं झालं, १६ वाढवून लावायचं. पण १५० आणि २२० लाही तसंच मोजलं तर १५० ला मधला आकडा १३८ म्हणजे १२ कमी, २२० ला १९९ म्हणजे २१ कमी. फरक वाढत जातोय, त्यामुळे एकच आकडा सगळीकडे चालणार नाही. आणि नॉब १० ने पुढे नेला की आत जेमतेम पावणेनऊ वाढतात, म्हणून खरे १८० हवे असतील तर नॉब १९६ नाही, १९८ च्या जवळ लागतो. २०० वर ठेवून बघितलं, मधला आकडा १८१ आला, खूप बरं वाटलं.

पण डायलच चुकीचा असेल तर? ही शंका झोपू देईना. हा डायल सीलबंद नाही म्हणून उकळत्या पाण्यात बुडवता येत नाही, तेव्हा साखरेची टेस्ट केली. साखर साधारण १८६ ला वितळते. फॉइलच्या छोट्या वाटीत चमचाभर साखर पातळ पसरली, ओव्हन १९० वर नीट तापवून १५ मिनिटं आत ठेवली. नॉब खरा असता तर ती वितळायला हवी होती, पण दाणे जसेच्या तसे कोरडे. नवीन साखर घेऊन २१५ ला परत केलं, तर पूर्ण पाणी झाली. डायलच्या हिशेबाने १९० ला आत १७३ आणि २१५ ला १९४ होते, म्हणजे जुळतंय. ही टेस्ट काही डिग्री-डिग्रीला बरोबर नसते, जास्त वेळ ठेवली तर साखर कमी तापमानालाही पिवळी पडून वितळायला लागते, म्हणून १५ मिनिटांवर जात नाही. पण चूक डायलची नसून ओव्हनची, एवढं यातून नक्की कळलं.

आता नॉबशेजारी कागदी टेप चिकटवून पेन्सिलीने खुणा केल्यात, १५० साठी १६४, १८० साठी १९८. काल नॉब १९८ वर ठेवून तोच केक केला, ३७ मिनिटांत सुरी कोरडी बाहेर आली. पुढच्या वेळी पंखा चालू ठेवून हेच सगळं परत मोजणार आहे, तेव्हा मधला आकडा कुठे येतो ते लिहितो.